एका कामगाराचा महिन्याचा खरा खर्च काढताना या चुका टाळा

छोट्या कारखान्यात मालकाला विचारा, “हा फिटर तुम्हाला महिन्याला कितीला पडतो?” तो लगेच पगाराचा आकडा सांगेल. अकाउंटंट त्यात पीएफ आणि ईएसआयचं चलन मिळवेल. बहुतेक वेळा दोघांचाही आकडा चुकलेला असतो, एकाचा कमी आणि दुसऱ्याचा जास्त.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. वर्ष 2024-25, ठिकाण महाराष्ट्र. फिटरचं बेसिक आणि डीए मिळून 13,000, एचआरए 4,000, सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता 2,000. ग्रॉस 19,000. त्यातून पीएफचे 1,800, ईएसआयचे 143 आणि व्यवसाय कराचे 200 कापून त्याच्या हातात 16,857 पडतात.

ग्रॉसमध्ये अख्खं चलन मिळवणं

पीएफच्या चलनात दोन हिस्से असतात. कामगाराचे 1,800 त्याच्याच ग्रॉसमधून कापलेले आहेत. मालकाच्या खिशातून जातात ते 1,950: 15,000 च्या पायावर 12 टक्क्यांचे 1,800, त्याशिवाय ईडीएलआय या कामगाराच्या विमा योजनेचे अर्धा टक्का म्हणजे 75 आणि प्रशासन शुल्काचे अर्धा टक्का म्हणजे 75. ईएसआयमध्ये मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे 19,000 वर 618.

आता 19,000 मध्ये पीएफचं पूर्ण चलन (3,750) आणि ईएसआयचं पूर्ण चलन (761) मिळवलं, तर 23,511 येतात. कामगाराची कपात दोनदा धरली गेली, म्हणून 1,943 जास्त. उलट हातातल्या पगारात फक्त मालकाचे हिस्से मिळवले तर 19,425 येतात आणि 2,143 कमी पडतात.

चूक पकडायला दोन्ही वाटांनी चालून बघा. ग्रॉस अधिक मालकाचे हिस्से: 19,000 + 1,950 + 618 = 21,568. हातातला पगार अधिक दोन्ही पूर्ण चलनं अधिक व्यवसाय कर: 16,857 + 3,750 + 761 + 200 = 21,568. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर एखादी कपात दोनदा आली आहे किंवा सुटली आहे. अॅडव्हान्सचा हप्ता कापला असेल तर तोही दुसऱ्या बेरजेत परत मिळवावा लागतो. नेमका तोच सगळे विसरतात.

पीएफ फक्त बेसिकवर धरणं

पगाराच्या शीटमध्ये बहुतेक वेळा पीएफ 13,000 वर काढलेला असतो आणि विशेष भत्ता बाजूला ठेवलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केलं की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफच्या हिशेबात बेसिकचाच भाग आहे. एचआरए आणि ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. म्हणून आपल्या फिटरचा पाया 15,000 झाला. कायद्याने सक्तीची मर्यादाही 15,000 चीच आहे, त्यापुढे मालकाने स्वेच्छेने जास्त भरायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी.

शीटमध्ये ठरलेल्या पगाराचा ‘रेट’ आणि हजेरीप्रमाणे झालेल्या पगाराचा ‘अर्न्ड’ असे दोन रकाने असतात. गैरहजेरीचे पैसे कापलेला महिना असेल तर पीएफ अर्न्ड रकमेवर काढायचा. रेटच्या रकान्याला सूत्र जोडलं असेल तर ज्याची हजेरी कमी, त्याचाच आकडा चलनापेक्षा मोठा दिसतो. खूण इतकी ठळक आहे की दोन-तीन नावं तपासली की कळतं.

```
=ROUND(MIN(15000, Basic_DA + Special)*13%, 0)
=ROUNDUP(Gross*3.25%, 0)
```

इथे `Basic_DA`, `Special` आणि `Gross` हे अर्न्ड रकमांचे रकाने समजा.

ईएसआयची 21,000 ची रेघ

महिन्याला 21,000 पर्यंत पगार असलेलाच कामगार ईएसआयमध्ये येतो. इथे गोंधळ ओव्हरटाइमने होतो. समजा फिटरने एका महिन्यात 3,000 चा ओव्हरटाइम केला आणि एकूण 22,000 झाले. शीटमध्ये `IF(Gross>21000,0,...)` असं काही लिहिलं असेल तर त्या महिन्याचा ईएसआय शून्य दाखवला जातो. तो कामगार ईएसआयमध्ये बसतो की नाही हे पाहताना ओव्हरटाइम सोडून द्यायचा, पण वर्गणी मात्र ओव्हरटाइमसकट 22,000 वर भरायची, म्हणजे 715.

पगारवाढ मध्येच झाली तरी लगेच सुटका नाही. जुलैमध्ये ग्रॉस 21,800 झालं, तरी एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत पूर्ण 21,800 वर, म्हणजे 709 भरायचे. ऑक्टोबरपासून तो बाहेर. तेव्हापासून तुम्ही त्याला ग्रुप मेडिक्लेममध्ये घेतलं, तर त्याचा हप्ता वर्षातून एकदा भरला तरी महिन्यामहिन्यात वाटून धरायचा. समजा 6,000 हप्ता आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 7,080, तर महिन्याला 590. या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच मोजा.

दिवाळीला दिलेला बोनस त्याच वर्षात टाकणं

2024 च्या दिवाळीत वाटलेला कायदेशीर बोनस 2023-24 या वर्षाचा असतो. 2024-25 चा बोनस मार्च 2025 नंतर आठ महिन्यांच्या आत द्यायचा, पण खर्च मात्र 2024-25 चा आहे, दर महिन्याला साठत जाणारा. वर्षात 30 दिवस काम करून डिसेंबरमध्ये सोडून गेलेला कामगारही हक्कदार असतो, आणि शीटमधून त्याचं नाव काढलं की त्याचा बोनसही गायब होतो.

दुसरी, जास्त महागात पडणारी चूक म्हणजे हिशेब डोळे झाकून 7,000 वर करणं. 7,000 किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन, यांतली मोठी रक्कम धरायची. आपल्या फिटरचं बेसिक-डीए किमान वेतनाइतकंच आहे असं समजू. 13,000 चे 8.33 टक्के म्हणजे 1,083. पण 7,000 वर फक्त 583 येतात. महिन्याला 500 चा फरक, 24 कामगारांचे वर्षाला 1,44,000. तो दिवाळीत एकदम उभा राहतो आणि मालक म्हणतो, “यंदा बोनस फार झाला!”

ग्रॅच्युइटीही अशीच नजरेआड असते: 13,000 चे 15/26, वर्षाला 7,500, महिन्याला 625. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काही जण सोडून जातात आणि त्यांना ती द्यावी लागत नाही, हे खरं. त्यासाठी तरतूद थोडी कमी धरणं मला पटतं, शून्य धरणं नाही.

आता बेरीज: 21,568 + 1,083 + 625 = 23,276. ग्रॉसपेक्षा 4,276 जास्त, म्हणजे साधारण 22.5 टक्के.

सरासरी काढताना भागायचं कशाने, यातही फसगत होते. वर्षभरात शीटवर 24 नावं आली, पण काही मध्येच आली-गेली, तर 24 ने भागल्यास खर्च कमी दिसतो. प्रत्येक नावापुढे कामाचे महिने लिहा, त्यांची बेरीज करा, वर्षाच्या एकूण खर्चाला तिने भागा.

हे सगळं 2024-25 च्या नियमांवर आहे. नवे कामगार कायदे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. त्यामुळे नंतरच्या महिन्यांना जुनी सूत्रं तशीच चिकटवू नका. आपल्या फिटरचा विशेष भत्ता आता ग्रॅच्युइटीच्या पायात धरावा लागला, तर पाया 15,000 आणि वर्षाचे 8,654 होतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर सगळ्या नोकरीची मोजली जाते. त्यामुळे सहा वर्षं झालेल्या माणसासाठी केवळ यंदाचे 1,154 वाढवून भागत नाही, मागच्या वर्षांसकट 6,924 ची जादा तरतूद करावी लागते.