पार्टीच्या खात्यावर जमा पडलेली रक्कम बिलांना कशी लावावी

पार्टीची एकूण बाकी जुळली म्हणजे खातं जुळलं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. बाकी पैशापैशाला जुळते आणि आत एकही बिल जागेवर नसतं, असं कितीतरी वेळा होतं. वसुलीचा फोन बिलावरून जातो, बाकीवरून नाही. म्हणून जमा रक्कम कुठल्या बिलाला लावायची, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण घेऊ. शिवाजी उद्यमनगरातलं टूल्सचं दुकान आणि शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. फाउंड्रीच्या नावावर तीन बिलं आहेत: ४१२ नंबरचं ६ जूनचं ४७,२०० रुपयांचं, ४३७ नंबरचं २१ जूनचं २९,५०० चं आणि ४५८ नंबरचं ९ जुलैचं ५९,००० चं. ४१२ मधली काही ग्राइंडिंग व्हील परत आली, म्हणून २ जुलैला जीएसटीसह ९,४४० ची क्रेडिट नोट निघाली. ती करताना कुणी बिल नंबर निवडला नाही, त्यामुळे ती टॅलीत कुठल्याच बिलाला न लागता `On Account` मध्ये जाऊन बसली. १८ जुलैला एनईएफटीने ९६,७६० आले. सोबत चिठ्ठी नाही, मेल नाही.

तयारी एका ओळीची आहे. टॅलीत त्या पार्टीच्या लेजरला `Maintain balances bill-by-bill` चालू असावं आणि बँकेच्या नोंदी आजपर्यंतच्या असाव्यात.

पैसे कशाचे, ते आधी ठरवा

सगळं घोडं अडतं ते इथंच. बहुतेक ठिकाणी शिकवतात, ‘जुन्यापासून वळतं करत जा.’ तसं करून बघू. ९६,७६० मधून ४१२ चे ४७,२०० गेले, ४३७ चे २९,५०० गेले, उरलेले २०,०६० रुपये ४५८ ला लागले. आता ४५८ वर ३८,९४० येणे दिसतं, `On Account` ला ९,४४० जमा दिसतात आणि निव्वळ बाकी येते २९,५००. बाकी अगदी बरोबर आहे, म्हणून कुणी पुन्हा बघत नाही.

महिनाअखेरीला वसुलीवाला ४५८ साठी फोन करतो. पलीकडून उत्तर येतं, “अहो, ४५८ चं पेमेंट पूर्ण दिलंय की! ४३७ चं काय ते सांगा आधी. माल कमी आलाय म्हणून कळवलं होतं आम्ही.”

फाउंड्रीनं काय केलं होतं? ४१२ मधून परत केलेल्या मालाचे पैसे वजा करून ३७,७६० दिले आणि ४५८ चे पूर्ण ५९,००० दिले. बेरीज ९६,७६०. ४३७ त्यांनी मुद्दाम थांबवलं होतं, कारण त्यात तक्रार होती. जुन्यापासून वळतं केल्यामुळे आपल्या खात्यात ते बिल फिटलेलं दिसलं आणि तक्रार त्याखाली गाडली गेली. यात पुढचं नुकसान मोठं आहे. माल खरंच कमी गेला असेल तर क्रेडिट नोट द्यावी लागेल, आणि तिच्यामुळे जीएसटी कमी करून घ्यायचा तर त्या बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते. फिटलेल्या बिलाकडे तोवर कोण बघणार?

शिवाय बिल निवडायची पहिली मुभा आपली नसतेच. भारतीय करार कायदा १८७२ मधली कलमं ५९ ते ६१ याबद्दलच आहेत. देणाऱ्यानं कुठल्या बिलाचे पैसे ते सांगितलं, किंवा परिस्थितीवरून ते उघड कळत असेल, आणि आपण ते पैसे घेतले, तर त्याच बिलाला लावावे लागतात. त्यानं काहीच सुचवलं नसेल तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही, तरच तारखेच्या क्रमानं जुन्यापासून जायचं. म्हणजे ‘जुन्यापासून’ हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नाही. गिऱ्हाइकालाही याचं महत्त्व असतं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट त्याला परत फिरवावं लागतं. कुठलं बिल फिटलं हे त्याच्याही वहीत पक्कं लागतं.

म्हणून फोन करण्याआधी आकडा फोडून बघा. बिलांच्या आणि क्रेडिट नोटांच्या रकमा वेगवेगळ्या मिळवून-वजा करून नेमका जमा झालेला आकडा येतो का ते पाहा. इथं ४१२ वजा क्रेडिट नोट अधिक ४५८ केलं की ९६,७६० येतं. आकडा चपखल बसला तरी तो अंदाजच. पार्टीच्या अकाउंटंटला मेल किंवा व्हॉट्सॲपवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. उत्तर येईपर्यंत रक्कम `On Account` मध्येच राहू द्या. तिथं ती निदान ‘अजून ठरायचंय’ असं सांगते. चुकीच्या बिलाला लावली की ती गप्प होते.

उत्तर आलं की क्रेडिट नोट उघडून ९,४४० ला `Agst Ref` ४१२ द्या. पावती उघडून ३७,७६० ला ४१२ आणि ५९,००० ला ४५८ द्या. येणे एकट्या ४३७ चं उरलं पाहिजे.

जादा आलेली रक्कम पुढच्या बिलाला लावणं

ऑगस्टमध्ये फाउंड्रीकडून ४५८ चेच ५९,००० पुन्हा आले असं समजा. आता खातं २९,५०० ने जमा दिसतं. हे पैसे ४३७ ला लावून मोकळं व्हायचा मोह होतो. लावू नका. वादातलं बिल न विचारता वसूल केल्यासारखं ते होतं, आणि पार्टीच्या वहीत ते उघडंच राहतं. शिवाय जमा २९,५०० हा निव्वळ आकडा आहे. जादा आलेली रक्कम पूर्ण ५९,००० आहे.

पावतीत `Advance` निवडून `ADV-AUG-1` असं नाव द्या आणि पार्टीला दोन पर्याय कळवा: परत हवेत की पुढच्या बिलात धरायचे. परत द्यायचे तर ज्या बँक खात्यातून आले त्याच खात्यात. फोनवर कुणी दुसरा खाते नंबर सांगितला तर अजिबात पाठवू नका.

पुढच्या बिलात धरायचं ठरलं आणि ५०३ नंबरचं ८२,६०० चं बिल झालं. टॅली बिल करतानाच ॲडव्हान्स वजा करू देतं, पण मग येण्याच्या यादीत ५०३ नुसतं २३,६०० चं दिसतं आणि छापील बिल ८२,६०० चं. माझं मत ठाम आहे: बिल पूर्ण रकमेनं `New Ref` करा आणि मग वेगळी जर्नल नोंद घाला.

```
Dr  पार्टी  59,000   Agst Ref  ADV-AUG-1
Cr  पार्टी  59,000   Agst Ref  503
```

बाकी बदलत नाही, पण ५०३ वर २३,६०० उरले आणि ते का उरले हे नोंदीतच दिसतं. ४३७ चे २९,५०० मिळून एकूण ५३,१००. जीएसटी मात्र बिलाच्या पूर्ण रकमेवरच. मालाच्या ॲडव्हान्सवर पैसे येताच कर लागत नाही. जॉबवर्कच्या ॲडव्हान्सवर लागतो, त्यामुळे तिथं रिसीट व्हाउचर करून त्याच महिन्यात दाखवा.

पडून राहिलेल्या जमा रकमा ‘राउंड ऑफ’ किंवा ‘इतर उत्पन्न’ मध्ये ढकलायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. ते पैसे गिऱ्हाइकाचे आहेत. ३१ मार्चला ज्या पार्टीची निव्वळ बाकी जमा राहील ती येण्याच्या बेरजेतून वजा करून झाकू नका. ताळेबंदात देण्याच्या बाजूला ‘ग्राहकांकडून आगाऊ’ म्हणून दाखवा, आणि एप्रिलमध्ये त्या प्रत्येक पार्टीला बिलवार खातेउतारा पाठवून लेखी होकार मागवा.