दुबईत आलेल्या सिव्हिल इंजिनिअरांनो, रेझ्युमेतली साइट आधी नीट मांडा

परवा साताऱ्याचा एक पोरगा रूमवर आला होता. व्हिजिट व्हिसाचे दिवस भराभर संपत चाललेले, पुण्यात चार वर्षं साइटवर काम केलेलं आणि रेझ्युमेत एकच ओळ: 'निवासी प्रकल्प, किंमत 96 कोटी, साइट इंजिनिअर, साइटची सर्व कामे पाहिली.' मी इथे चौदा वर्षं ठेकेदाराच्या बाजूने काम करतोय, मुलाखतींनाही बसतो. अशी ओळ दिसली की आम्ही पान उलटतो. पोरगा मात्र कामाचा निघाला, म्हणून ती ओळ आम्ही बसून उलगडली.

पहिला अडथळा कोटीचा. मुलाखत घेणारा लेबनीज किंवा इजिप्शियन असला तर कोटी म्हणजे किती हे त्याला कळत नाही. 96 कोटी म्हणजे 960 मिलियन रुपये, असं लिहा आणि ही किंमत कशाची तेही सांगा: बिल्डर फ्लॅट विकतो त्या रकमेची नव्हे, तर ठेकेदाराच्या कराराची. क्षेत्रफळही चौरस मीटरमध्ये द्या. त्याचे 4,80,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 44,600 चौरस मीटर झाले. मजले आणि क्षेत्रफळ महारेराच्या पोर्टलवर कुणीही पाहू शकतो, तेव्हा तुमचे आकडे तिथल्याशी जुळू द्या.

पण 44,600 मीटर सगळे याने थोडेच बांधले? संकुलात तीन टॉवर होते आणि याच्याकडे त्यातला एक होता, 22 मजल्यांचा. मजल्याचं क्षेत्रफळ साधारण 620 चौरस मीटर. कॉलम, भिंती आणि स्लॅब धरून मजल्याला सुमारे 215 घनमीटर काँक्रीट, म्हणजे सगळं मिळून 4,700 च्या आसपास. सळई किती, विचारल्यावर तो म्हणाला, "1,800 टन, सर." मी त्यालाच भागाकार करायला लावला. घनमीटरला 380 किलोच्या वर सळई येते, साध्या निवासी इमारतीत एवढी बसायचीच नाही. आठवून पाहिल्यावर कळलं की तो आकडा तिन्ही टॉवर, पोडियम आणि पाया मिळूनचा होता. त्याच्या टॉवरच्या मजल्यांची 520 टन निघाली, घनमीटरला 110 किलो. समोरचा हा भागाकार मनातल्या मनात करतो, म्हणून तुम्ही तो घरीच करून या.

भूमिकेपुढे नुसतं 'साइट इंजिनिअर' पुरत नाही. ठेकेदाराकडे होता, पीएमसीकडे म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराकडे, की बिल्डरकडे, आणि तुमच्या हाताखाली कोण होतं? याच्याकडे दोन सुपरवायझर आणि साठेक कामगार होते, सेंट्रिंग आणि सळईचे मुकादम वेगळे. 22 स्लॅब 11 महिन्यांत, म्हणजे 15 दिवसांना एक. ही ओळ त्याने लिहिलीच नव्हती, आणि मला विचाराल तर रेझ्युमेतली सगळ्यात बोलकी ओळ हीच.

आता गुणवत्ता. इथे काम पुढे सरकतं ते इन्स्पेक्शन रिक्वेस्टवर: तुम्ही विनंती पाठवता, कन्सल्टंटचा इन्स्पेक्टर येऊन पाहतो आणि मंजूर करतो किंवा परत पाठवतो. पुण्यात हेच काम काँक्रीटच्या पोर कार्डावर होतं. त्यामुळे 'गुणवत्ता पाहिली' असं लिहू नका. लिहा: 22 मजल्यांची सळई आणि शटरिंग ओतकामाआधी तपासून पीएमसीची सही घेतली, क्यूबचे नमुने आणि 7 व 28 दिवसांचे निकाल नोंदवले. लिहिलंत की प्रश्न येणारच. त्याला मी विचारलं, 130 घनमीटरच्या स्लॅबला किती नमुने? तो अडखळला. आयएस 456 प्रमाणे 50 घनमीटरपर्यंत 4, पुढे प्रत्येक 50 ला किंवा त्याच्या भागाला एक, म्हणजे 6. स्वतः रजिस्टर लिहिलेल्याला हे तोंडपाठ असतं. एखाद्या कॉलमला हनीकोंबिंग होऊन एनसीआर, म्हणजे काम निकषात बसत नसल्याचा अहवाल, निघाला असेल तर तोही लपवू नका. कारण काय सापडलं आणि दुरुस्ती करून तो कसा बंद केला, हे दोन वाक्यांत सांगता येणारा माणूस आम्हाला आवडतो.

सुरक्षेत सगळे एकच आकडा टाकतात: 'लाखो मनुष्यतास अपघाताविना'. तो आकडा कंपनीचा असतो. तुमचा भाग लिहा: रोज सकाळचा टूलबॉक्स टॉक कोण घेई, उंचीवरच्या कामाचं परमिट कोण मागे आणि कोण बंद करी. या पोराने एकदा कडेचं रेलिंग काढलेलं पाहून दुपारभर स्लॅबचं काम थांबवलं होतं. ठेकेदार भडकला म्हणून तो ते सांगायलाच लाजत होता. मी ते पहिल्या पानावर घ्यायला लावलं.