पाणी बंदची सूचना लिहिताय? या चुका टाळा

पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. कमिटीवर नव्याने आलेली मंडळी तेवढ्या दोन ओळी ग्रुपवर पुढे ढकलतात आणि मोकळी होतात. आमच्या सोसायटीच्या सूचना मी बरीच वर्षं लिहितोय. पुढे ढकललेल्या सूचनेने लोकांचे हाल होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘रात्री १२’. एकदा फळ्यावर सूचना लागली, ‘गुरुवारी रात्री १२ पासून २४ तास पाणी बंद’. लिहिणाऱ्याच्या मनात होती बुधवारची मध्यरात्र, कारण घड्याळाच्या हिशेबाने गुरुवार तिथेच सुरू होतो. पण आपण बोलताना ‘गुरुवारी रात्री’ म्हणतो ती गुरुवारचं जेवण झाल्यानंतरची. वॉचमननेही तसंच वाचलं आणि बुधवारी रात्री टाक्या भरून घेतल्याच नाहीत. गुरुवारी सकाळी साडेनऊला गच्चीवरची टाकी कोरडी पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे त्याच दिवशी नातवाचं बारसं होतं. ‘अहो, फळ्यावर तर आज रात्री लिहिलंय ना? मग आत्ताच कसं गेलं?’ असं विचारत त्या जिन्यात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. शेवटी वीस-वीस लिटरचे जार मागवून बारसं पार पडलं.

तेव्हापासून मी ‘रात्री १२’ लिहीतच नाही. ‘बुधवारी रात्री झोपण्याआधी पाणी भरून ठेवा. गुरुवारी दिवसभर पालिकेचं पाणी येणार नाही,’ असं लिहितो. वार आणि तारीख दोन्ही घालतो. नुसतं ‘उद्या’ लिहिलं, तर परवा वाचणारा पुन्हा टाकी भरायला धावतो.

दुसरी चूक हिशेबाची. पालिकेने व्हॉल्व्ह बंद करण्याची वेळ आणि आपल्या घरचा नळ जाण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी असते. आमचे ३६ फ्लॅट. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर हा नेहमीचा मापदंड धरला, तर दिवसाला १९,४४० लिटर लागतात. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, तर ३० हजार लिटर होतात. म्हणजे गुरुवार आरामात निघतो, म्हणून लोक बिनधास्त वापरतात आणि फसतात शुक्रवारी. कमी दाबाने खालची टाकी भरायला दुपार उजाडते, तोवर उरलेल्या दहा हजारांत सकाळच्या आंघोळी उरकायच्या असतात. म्हणून सूचनेत मी पालिकेची वेळ खाली लिहितो आणि आपल्या नळाची वर: ‘गुरुवारी व शुक्रवारी नळाला पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ८.’ गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह तेवढाच वेळ उघडायचा. ‘पाणी जपून वापरा’ एवढ्यावर कोणी जपून वापरत नाही. ‘दोन दिवस वॉशिंग मशीन लावू नका, गाडी धुऊ नका’ असं लिहिलं की कळतं.

‘तांत्रिक कारणास्तव’ लिहू नका. जलवाहिनी दुरुस्त करतायत, तर तसं लिहा.

सूचना मराठीतच आणि मोठ्या अक्षरांत लावा, कारण वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही ती वाचायची असते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा फोन नंबर खाली हवाच.

पाणी परत येतानाची काळजी बहुतेक सूचनांत नसतेच, आणि खरं नुकसान तिथेच होतं. कोरडा नळ उघडून पाहायचा, तसाच सोडून ऑफिसला जायचं, मग दुपारी पाणी आलं की हॉलभर तळं. म्हणून ‘बाहेर पडताना सगळे नळ बंद करा’ ही ओळ मी ठळक करतो. रिकाम्या लाईनमध्ये पाणी जोरात शिरलं की आतला गाळ सुटतो, म्हणून पहिलं पाणी बहुधा गढूळ येतं. ते बादलीत घेऊन संडासाला वापरा. प्युरिफायर लगेच चालू केला तर गाळाने त्याचा फिल्टर चोंदतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, तेव्हा प्यायचं पाणी उकळूनच घ्या. आणि पालिकेच्या लाईनला थेट मोटार लावून पाणी ओढायचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. लाईनमध्ये दाब नसताना मोटार ओढते तेव्हा फुटक्या जोडातून आजूबाजूचं सांडपाणीही आत येऊ शकतं, आणि ते शेजाऱ्यांच्याही नळाला जातं.

काम संपलं की सूचना काढून टाका. मागच्या महिन्याचा कागद फळ्यावर तसाच राहिला, तर पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन सुरू होतात.