या चुका टाळा: हायड्रोजनसारख्या आयनाची त्रिज्या आणि वेग

बोरच्या प्रतिमानातलं हे प्रकरण दोन ओळींत संपतं, म्हणून मुलं त्याला दोनच मिनिटं देतात. त्रिज्या n²/Z, वेग Z/n, झालं पाठ. मग एका इलेक्ट्रॉनचा पण जास्त प्रभाराच्या केंद्रकाचा आयन समोर आला, He⁺ किंवा Li²⁺, की त्याच त्या चुका पुन्हा होतात. इंदूरमध्ये रामबागेत संध्याकाळी घरी शिकवतो तेव्हा दर वर्षी त्या नव्या वहीत दिसतात. त्यातली एक फार चिवट आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

ती चूक अशी. केंद्रकाचं आकर्षण इलेक्ट्रॉनला कक्षेत वळवतं, म्हणून mv²/r = kZe²/r². यातून v² = kZe²/mr. इथवर सगळं बरोबर आहे. आता विद्यार्थी Z कडे बघतो, r कडे बघत नाही, आणि लिहून मोकळा होतो: Z चौपट तर वेग √४ पट, म्हणजे दुप्पट. पण Z वाढला की त्रिज्या जागेवर राहत नाही, आत येते. त्याच कक्षेसाठी Z दुप्पट झाला तर r निम्मी होते. म्हणजे v² मध्ये एक Z वरून येतो आणि दुसरा खालच्या r मधून. म्हणून v² हा Z² च्या प्रमाणात, आणि v सरळ Z च्या प्रमाणात. वर्गमूळ उरतच नाही.

हे इतकं साधं असून चूक का टिकते, ते मला एका मुलीच्या पेपरवरून नीट कळलं. भंवरकुआँच्या एका क्लासच्या सराव परीक्षेत प्रश्न होता: Be³⁺ च्या दुसऱ्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा वेग हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेतल्या वेगाच्या किती पट? तिने √४ काढून दुप्पट लिहिलं. उत्तर बरोबर, पूर्ण गुण. तिथून √Z तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या परीक्षेत He⁺ ची पहिली कक्षा आली. हायड्रोजनचा वेग सेकंदाला सुमारे २१९० किलोमीटर, तिने त्याला √२ ने गुणून ३०९७ लिहिलं. खरं उत्तर ४३८०. पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मागच्या वेळी हीच रीत चालली होती ना? मग आता काय बिघडलं?"

बिघडलं मागच्याच वेळी होतं. Be³⁺ मध्ये Z = 4 आणि n = 2, म्हणून n²/Z = 4/4 = 1. म्हणजे त्या कक्षेची त्रिज्या हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेइतकीच, ०.५२९ अँगस्ट्रॉम. दोन्हीकडे r तीच, त्यामुळे फक्त तिथे √Z लागू पडला. Z/n ने काढलं तरी 4/2 = 2 च येतं. He⁺ च्या पहिल्या कक्षेत त्रिज्या निम्मी, ०.२६५ अँगस्ट्रॉम, आणि तिथे √Z कोसळला. ज्या शॉर्टकटची अट माहीत नाही तो वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. "उत्तर आलं ना" म्हणून पुढे पळणाऱ्यांना नेमका असाच प्रश्न गाठतो.

यावर माझी सवय सांगतो. हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या एक आणि वेगही एक धरायचा. मग आयनाची त्रिज्या आणि वेग शेजारी शेजारी लिहून दोघांचा गुणाकार करायचा. तो बरोबर n यायलाच हवा, कारण बोरची अटच आहे की कोनीय संवेग mvr हा ħ च्या n पट. Be³⁺ मध्ये १ × २ = २, आणि n दोनच आहे. त्या मुलीच्या He⁺ मध्ये ०.५ × १.४१ = ०.७१. पहिल्या कक्षेला एक यायला हवं होतं, म्हणजे चूक तिथेच उघडी पडली. त्रिज्येत चुकून Z² भागणाऱ्यांनाही हीच तपासणी पकडते. Li²⁺ ची तिसरी कक्षा करून बघा: त्रिज्या 9/3 = 3, वेग 3/3 = 1, गुणाकार ३. हायड्रोजनच्या तिप्पट लांब फिरणारा इलेक्ट्रॉन, वेग मात्र तोच २१९०, कारण प्रभार तिप्पट आणि अंतरही तिप्पट.

पण ही तपासणी एका बाबतीत आंधळी आहे. (n²/Z) × (Z/n) मध्ये Z कटतो. तुम्ही Z चाच आकडा चुकीचा घेतला, तर गुणाकार तरीही सुरेख n येईल. आणि दुसरी मोठी चूक नेमकी तीच: डोक्यावरचा प्रभार Z म्हणून घेणं. Li²⁺ दिसलं की Z = 2. मग पहिल्या कक्षेला त्रिज्या ०.२६५ आणि वेग ४३८० येतो, म्हणजे लिथियमच्या नावाखाली हेलियमचं उत्तर. Z हा अणुक्रमांक, लिथियमचा ३. वरचा आकडा फक्त किती इलेक्ट्रॉन गेले ते सांगतो. मी मुलांना आधी वजाबाकी करायला लावतो: अणुक्रमांक वजा वरचा प्रभार. उत्तर १ आलं तरच पुढे जायचं. Li⁺ ला २ येतं, साध्या हेलियम अणूलाही २. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्याचा हिशेब या सूत्रात नाही, तेव्हा तिथे ही सूत्रं लावायचीच नाहीत.

काही जण हेलियमसाठी वस्तुमानांक ४ घालतात. केंद्रकाचं वजन इथे जवळजवळ बिनकामाचं आहे. बोरने १९१३ मध्ये हेलियम आयनाच्या रेषा समजावल्या, तेव्हा हायड्रोजनशी गुणोत्तर नेमकं ४ न येता ४.००१६ येतं असा आक्षेप फाउलरने घेतला होता. तो फरक बोरने केंद्रकाच्या वस्तुमानावरूनच सोडवला. वजनाचा परिणाम एवढाच, आणि तुमच्या परीक्षेत तो दिसणारही नाही.

पहिली उत्तेजित अवस्था म्हणजे n = 2, १ नव्हे. व्यास विचारला असेल तर त्रिज्या दुप्पट करा. अँगस्ट्रॉमचे मीटर करताना १०⁻¹⁰ लिहायला विसरू नका.

राहिला मोठ्या Z चा प्रश्न. "सर, युरेनियमचा एकच इलेक्ट्रॉन उरला तर?" असं कुणी विचारलं की मला फार आवडतं. पहिल्या कक्षेतला वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण Z/137 पट असतो. He⁺ साठी हा दीड टक्का, काही बिघडत नाही. लोखंडाच्या Fe²⁵⁺ साठी १९ टक्के होतो, आणि सापेक्षतेची दुरुस्ती दोनेक टक्क्यांची होते. युरेनियमच्या U⁹¹⁺ साठी सूत्र ६७ टक्के सांगतं. एवढ्या वेगाला इलेक्ट्रॉनचा संवेग नुसत्या mv ने मोजता येत नाही, तो त्याच्या सुमारे १.३५ पट होतो. मग बोरच्याच अटीत तो बसवला की त्रिज्या साध्या सूत्रापेक्षा आणखी आत सरकते. म्हणून उत्तर लिहिण्याआधी Z ला १३७ ने भागून बघा. ०.१ च्या खाली असेल तर साधं सूत्र बिनधास्त वापरा, वर गेलं तर उत्तराशेजारी "सापेक्षता धरलेली नाही" असं लिहा.