मोगरा, जाई, जुई की निशिगंध: फोटोवरून ओळख आणि हारासाठी तोडणी

सध्या उन्हाळ्याचा बहार सुरू आहे आणि ग्रुपवर नुसत्या कळीचे क्लोजअप येतात, हे काय आहे सांगा म्हणून. पांढरी कळी सगळ्यांची सारखीच दिसते राव, पान आणि काडी दिसल्याशिवाय सांगणारा अंदाजच मारणार. फोटो काढताना एक पान काडीला जिथं जोडलंय तिथपर्यंत दाखवा, कारण पानाच्या बगलेत डोळा म्हणजे नव्या फुटीचा कोंब असतो, पण संयुक्त पान ज्या छोट्या पानांचं बनतं त्या पर्णिकेच्या बगलेत तो नसतो, म्हणजे एकच पान आहे की संयुक्त पानाचा तुकडा हे तिथंच कळतं.

मोगऱ्याचं पान एकेरी, समोरासमोर, चकचकीत आणि कळी टपोरी. जाईचं पान संयुक्त, एका देठावर पाच-सात किंवा जास्त पर्णिका, कळी लांबट आणि बाहेरून गुलाबी छटा. जुईला मधली पर्णिका मोठी, बाजूच्या दोन कानासारख्या बारीक, कधी कधी त्या नसतातच. निशिगंधात घोळ होत नाही, जमिनीतूनच गवतासारखी लांब पानं आणि मधून दांडा. तगरीची कळी मात्र फोटोत मोगऱ्यासारखी वाटते, तिचं पान तोडून बघा, पांढरा चीक आला तर मोगरा नव्हेच.

आता परवाचाच फोटो घ्या, कळीवर जांभळट गुलाबी डाग, आणि खाली सगळे जाई जाई म्हणतायत. पान एकेरी होतं, म्हणजे मोगराच, आणि तो रंग कळी पोखरणाऱ्या अळीचा. जाईचा गुलाबी रंग झाडावरच्या सगळ्याच कळ्यांवर दिसतो, अळीचा मात्र इथे एक तिथे एक, आणि नीट बघितलं तर बारीक भोक किंवा दोन-तीन कळ्या जाळीनं चिकटलेल्या सापडतात. अशा कळ्या तोडून बागेबाहेर नेऊन नष्ट करा, झाडाखाली टाकल्या तर काही उपयोग नाही.

तोडणीचं गणित सोपं आहे पण घाई नडते. मोगऱ्याची कळी पूर्ण वाढलेली, टपोरी, पांढरी झालेली पण बंद असलेली हवी, अशी कळी सकाळी तोडली की त्याच संध्याकाळी उमलते. हिरवट कळी तोडली तर ती हारात तशीच मिटलेली राहते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. उजाडायच्या सुमाराला सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा. तोडलेला माल सावलीत ओल्या फडक्यात ठेवा, पण वरून पाणी ओतू नका, कळ्या काळ्या पडतात.

निशिगंधात हारासाठी सिंगल जात बरी, सुटी फुलं पहाटे वेचायची, नुकती उमललेली किंवा उमलायच्या बेतातली. दांडे फुलदाणीसाठी विकायचे असतील तर खालची एक-दोन फुलं उमलली की अख्खा दांडा कापा, त्याला हाराचा नियम लावू नका.