चाचणी अनुवाद तपासताना: ‘सांगितल्यास’ आणि ‘सांगितल्याशिवाय’

रुग्णांसाठीची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम आमच्याकडे चालतं. त्यासाठी अनुवादक निवडताना चाचणी तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा सुरुवातीला मी फक्त वाचून ठरवत असे. मराठी ओघवती असली की पसंत. त्या पद्धतीने निवडलेल्या एका बाईंच्या पहिल्याच कामात एक वाक्य सापडलं: ‘डॉक्टरांनी सांगितल्यास गोळ्या बंद करू नका.’ मुळात होतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. एका प्रत्ययाने सूचना उलटी झाली होती, आणि वाक्य इतकं सहज होतं की दोन वाचनांत कुणाला खटकलं नाही. छपाईआधी ते सापडलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून गुणांची पद्धत आहे. उतारा साधारण २५० ते ३०० शब्दांचा, सगळ्यांना एकच. त्याहून मोठा द्यायचा असेल तर मोबदला द्यावा, फुकट काम करून घेऊ नये. नावं काढून प्रतींना क, ख, ग अशी अक्षरं द्यायची आणि दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचं. १०० पैकी ५० गुण अचूकतेला, ३० ओघाला, २० संदिग्ध जागांना.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ बाजूला ठेवून फक्त मराठी मोठ्याने वाचा आणि ओघाचे गुण देऊन टाका. मूळ आधी वाचलंत तर अर्थ तुमच्या डोक्यात तयार असतो आणि अडखळणारं वाक्यही तुम्हाला समजतं. ‘हे औषध डॉक्टरांच्याद्वारे लिहून दिले गेले आहे’ असं दिसलं की गुण कमी करायचे, कारण आपण ‘डॉक्टरांनी लिहून दिलं आहे’ म्हणतो. ‘यकृताच्या कार्याच्या चाचणीच्या अहवालाच्या’ अशी च्या-च्याची माळ दिसली तरी तसंच. शुद्धलेखनाची तीच चूक पाचदा आली तर एकदाच धरायची.

मग मूळ शेजारी ठेवून वाक्यागणिक ताडायचं. अर्थछटा हलली तर १ गुण कमी, अर्थ बदलला किंवा काही गळलं तर ५. रुग्णाला इजा होऊ शकेल अशी चूक असेल तर १०, आणि अशी एक जरी सापडली तरी बेरीज काहीही होवो, निवड नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ इथे नीट पाहा. संशोधनाच्या संमतिपत्रात ‘आपण रक्ताचा नमुना घेऊ’ लिहिलं तर नमुना घेणाऱ्यांत रुग्णही सामील होतो. मुळातल्या ‘वी’मध्ये हा फरक दिसत नाही, मराठीत तो करावाच लागतो.

माझा सगळ्यात जास्त भरवसा शेवटच्या २० गुणांवर आहे. उताऱ्यात आम्ही मुद्दाम दोन संदिग्ध जागा ठेवतो, प्रत्येकी १० गुणांच्या. एक ‘बायवीकली’: आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? दुसरी, कुटुंबातल्या आजारांच्या प्रश्नावलीतला ‘अंकल’: काका, मामा, की आत्या-मावशीचे यजमान? आनुवंशिक आजाराची माहिती हवी असेल तर यजमानांचा संबंधच नाही, आणि काका की मामा यावर बाजू ठरते. गुपचूप एक अर्थ घेऊन पुढे गेलेल्याला शून्य. मजकुरातच तिरकी रेघ मारून दोन्ही अर्थ लिहिले तर ४, कारण तो गोंधळ रुग्णाच्या हातात जातो. एक अर्थ निवडून, का निवडला आणि कुणाला काय विचारायला हवं हे वेगळ्या टिपेत लिहिलं तर पूर्ण १०. पण शब्दकोशात किंवा आधीच्याच परिच्छेदात उत्तर असलेल्या शंकांनी टिपा भरल्या असतील, तर त्याचेही दोनतीन गुण कापते.

मागच्या फेरीतल्या दोन प्रती सांगते. क-ची भाषा सुरेख, ओघाला २७. पण अचूकतेत दोन किरकोळ, एक मोठी आणि एक घातक चूक, म्हणजे ३३. ‘बायवीकली’ला दोन्ही अर्थ रेघ मारून लिहिलेले, ‘अंकल’ला सरळ ‘काका’, म्हणून ४. बेरीज ६४. ग-ची वाक्यं ठिकठिकाणी ताठ, ओघाला १९. चार किरकोळ आणि एक मोठी चूक, म्हणून अचूकतेला ४१. दोन्ही संदिग्ध जागांवर नेमक्या टिपा, पण तीन शंका अनावश्यक, म्हणून १७. बेरीज ७७. माझ्या सहकाऱ्याने ग-ला ६५ दिले होते. दोघांत दहापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला की आम्ही एकत्र बसतो. बसल्यावर कळलं, तो मूळ समोर ठेवूनच ओघ तपासत होता आणि शब्द मुळापासून जरा दूर गेला की ओघाचेच गुण कापत होता. त्याने मूळ झाकून ती प्रत पुन्हा वाचली आणि ७४ वर आला. आम्ही ग-ला घेतलं. क-ला खुणा केलेली प्रत पाठवली, ‘सांगितल्यास’खाली लाल रेघ ओढून.