तुलनात्मक कंपनी कायद्याच्या व्हायवाची रंगीत तालीम

एलएल.एम.च्या व्हायवात कलमं विचारली जातील म्हणून विद्यार्थी कलमं पाठ करतो. परीक्षक मात्र प्रबंधातल्या संशोधन-पद्धतीच्या प्रकरणावर बोट ठेवतात. तालीम त्याचीच करायची.

समजा, विषय आहे अल्पसंख्य भागधारकांचं संरक्षण, भारत आणि इंग्लंड. प्रबंधात भारताच्या 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 245, म्हणजे सभासदांचा सामूहिक दावा, आणि ब्रिटनच्या 2006च्या कंपनी कायद्याचा अकरावा भाग, म्हणजे सभासदाने कंपनीच्या वतीने लावायचा दावा, समोरासमोर ठेवलेत.

आधी तीन जण जमवा. एकाला कंपनी कायदा येत असावा, एक अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राचा असावा, आणि तिसऱ्याने पद्धतीच्या प्रकरणाशिवाय काहीच वाचलेलं नसावं. सर्वांत जास्त घाम हा तिसराच काढतो. दहा मिनिटं तुमचं सादरीकरण, मग अर्धा तास प्रश्न. एकाने प्रश्न शब्दशः उतरवून घ्यावेत.

पहिला हल्ला ठरलेला असतो: हेच दोन देश का? ‘दोन्हीकडे कॉमन लॉ आहे’ एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न येतो, मग सिंगापूर का नाही? मूळ एकच, म्हणजे कंपनीचं नुकसान झालं तर दावा कंपनीनेच लावायचा असं सांगणारा 1843चा फॉस विरुद्ध हार्बॉटल खटला, आणि पुढे वाटा वेगळ्या झाल्या. हा फरक का पडला हेच तुम्हाला शोधायचंय, असं सांगा.

दुसरा प्रश्न खरा जीवघेणा. ‘ही दोन कलमं एकच काम करतात, हे कशावरून?’ इंग्लंडमध्ये एक शेअर असलेला सभासदही कंपनीच्या वतीने दावा लावू शकतो, फक्त पुढे चालवायला कोर्टाची परवानगी लागते. कलम 245खाली मात्र ठरावीक संख्येने सभासद किंवा ठरावीक भागभांडवल लागतं, आणि संचालकांसोबत लेखापरीक्षकांकडूनही भरपाई मागता येते. शिवाय भारतातला नाराज भागधारक बहुधा कलम 241चा, म्हणजे दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाचा रस्ता धरतो. म्हणजे तुलना कलमांची नव्हे, गरजेची करावी लागते: संचालकांनी कंपनीचं नुकसान केलं तर लहान भागधारकाने जायचं कुठे? मग 241 आणि सभासदावरच्या अन्यायाविरुद्धचं इंग्लंडचं कलम 994 दोन्ही चौकटीत येतात. प्रबंधात ती नसतील, तर मर्यादा म्हणून स्वतःहून कबूल करा, परीक्षकाने काढण्याआधी.

तिसरा प्रश्न निकालांच्या निवडीचा. कुठल्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द टाकून, कोणत्या वर्षांत शोधलंत? तडजोडीत मिटलेली प्रकरणं निकालांत दिसतच नाहीत. त्यामुळे ‘खटले कमी, म्हणून तरतूद निकामी’ हा निष्कर्ष टिकत नाही.

तालमीत कान उघडे ठेवा. पद्धतीच्या प्रश्नाला तुम्ही कलमाचा मजकूर सांगू लागलात, किंवा ‘सरांनी सुचवलं होतं’ म्हणालात, की तिथेच खूण करायची. चार दिवसांनी फक्त खुणा झालेले प्रश्न पुन्हा विचारून घ्या, प्रत्येकी दोन मिनिटांत, कागद न बघता.